मजला मजबूत आहे, तरी पायाखाली का हलतो?

प्रश्न: आमची १६ बाय १२ ची खोली आहे, उंची १५ फूट असल्यामुळे मध्ये लोखंडी आय-सेक्शन टाकून पोटमाळा केला. ५ इंची गर्डर १६ फुटात टाकलेत, अडीच फुटावर एक, वर १८ एमएमची सिमेंट शीट. मुलगा वर नुसता चालला तरी कपाटाची काच वाजते आणि पायाला उसळी जाणवते. फॅब्रिकेटर म्हणतो दहा माणसं नाचली तरी काही होणार नाही. खरंच धोका नाही का? आणि वर २ इंच काँक्रीट घातलं तर हलायचं थांबेल का?

उत्तर: काँक्रीट घालू नका, निदान हे पूर्ण वाचेपर्यंत तरी थांबा. आणि फॅब्रिकेटर खोटं बोलत नाहीये, पण तो "तुटेल का" याचं उत्तर देतोय आणि तुमचा प्रश्न "वाकतो किती" हा आहे. या दोन गोष्टी पूर्ण वेगळ्या आहेत, आणि आपल्याकडे पोटमाळे, मेझनाइन, गच्चीवरच्या लोखंडी खोल्या यातल्या निम्म्या तक्रारी याच घोळातून येतात असा माझा अनुभव आहे.

आधी घरच्या घरी एक टेस्ट करा. वर कोणी नसताना मधल्या गर्डरच्या बरोबर मध्यावर खालून एक सरळ लाकडी बल्ली किंवा पाइप उभा करा, तो गर्डरला टेकता कामा नये, ५-६ एमएमची फट राहील असा कापून घ्या. त्या फटीत लोखंड कापायच्या हॅक्सॉची जुनी पाती एकावर एक घालत जा, घट्ट बसेपर्यंत. एक पातं साधारण ०.६ एमएमचं असतं. समजा आठ पाती बसली. आता घरातल्या ८० किलोच्या माणसाला वर त्याच गर्डरवर बरोबर मध्ये उभं करा, नुसतं उभं, उड्या मारायच्या नाहीत, आणि खालून बघा किती पाती बसतात. पाचच बसली तर तीन पाती कमी झाली म्हणजे एका माणसाच्या वजनाने गर्डर जवळजवळ २ एमएम खाली आला. तो माणूस खाली उतरला की परत आठ बसली पाहिजेत, नाही बसली तर बल्ली सरकली आहे किंवा टोकाला काहीतरी ढिलं आहे.

तुमच्या मापांवरून माझा हिशोबही तिथेच येतो. ५ इंची म्हणजे आयएसएमबी १२५, स्पॅन ४.८ मीटर, अंतर पाऊण मीटर. राहत्या घराला आपला कोड चौरस मीटरला २०० किलो लाइव्ह लोड, म्हणजे माणसं-सामानाचं वजन, धरायला सांगतो, मजल्याचं स्वतःचं वजन शीट आणि गर्डर मिळून ५० किलो धरलं. एवढा पूर्ण लोड आला तरी गर्डरमधला ताण चौरस एमएमला ७५ न्यूटनच्या आसपास येतो, आणि साध्या माइल्ड स्टीलला १६५ पर्यंत चालतो. म्हणजे अर्धी ताकदसुद्धा वापरात नाही. पूर्ण लोडला बाक येतो साडेचौदा एमएम, स्पॅन भागिले ३०० केलं तर १६ एमएमपर्यंत परवानगी आहे. कागदावर दोन्हीत पास! म्हणून फॅब्रिकेटर निश्चिंत आहे, आणि तुमच्या पूर्ण मजल्यावर मिळून साडेतीन टन म्हणजे चाळीसेक माणसं उभी राहिली तेव्हा कुठे तो कोडमधला लोड भरतो, त्यामुळे दहा माणसांचं त्याचं म्हणणं ताकदीच्या बाबतीत बरोबरच आहे (वेल्डिंग आणि भिंतीतलं टेकण नीट असेल हे धरून).

पण घरात चाळीस माणसं कधी येत नाहीत, एक माणूस चालतो. आणि एका माणसाला मजला किती दबतो हे त्या हिशोबात कुठेच बघितलं जात नाही. १०० किलोचं वजन बरोबर मध्ये ठेवलं तर तुमचा एकटा गर्डर अडीच एमएम दबतो, ८० किलोला २ एमएम. शीट थोडा भार शेजारच्या गर्डरवर ढकलते त्यामुळे प्रत्यक्षात थोडं कमी, पण १८ एमएमची शीट स्वतःच लवचिक असते, तिच्यावर फार भिस्त नको. हलक्या मजल्यांसाठी मी स्वतः १०० किलोला १ एमएमच्या आत ठेवतो. तेवढ्यात राहिलं की लोक तक्रार करत नाहीत, २ च्या वर गेलं की पहिल्याच दिवशी फोन येतो.

आता हे कशावर अवलंबून आहे ते बघू कारण उपाय तिथूनच निघतो. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे स्पॅन. एका माणसाच्या वजनाखालचा बाक स्पॅनच्या घनात वाढतो, आणि सगळीकडे सारखा पसरलेला लोड असेल तर चौथ्या घातात. म्हणजे तोच गर्डर ८ फुटाऐवजी १६ फुटात टाकला तर दुप्पट नाही, माणसाखाली आठपट वाकणार आणि भरलेल्या लोडखाली सोळापट. इथेच तुमच्याकडे मोठी चूक झाली आहे. खोली १६ बाय १२ आहे तर गर्डर १२ फुटाच्या बाजूने जायला हवे होते, लहान स्पॅनने. तेच ५ इंची गर्डर १२ फुटात टाकले असते तर १०० किलोखालचा बाक अडीचवरून १ एमएमच्या आसपास आला असता, निम्म्याहूनही कमी. आणि लोखंड? १६ फुटी चार नग म्हणजे ६४ फूट, १२ फुटी पाच किंवा सहा नग म्हणजे ६० ते ७२ फूट. जवळजवळ तेवढंच! फक्त भिंतीत भोकं दोन-चार जास्त पाडावी लागली असती. कदाचित लांब भिंतीत खिडक्या असतील म्हणून त्याने टाळलं असेल, पण खिडकीवर लिंटेल असते, तिचा हिशोब करून बसवता येतं.

दुसरी गोष्ट डेप्थ, म्हणजे गर्डरची उभी उंची. लाकडी पट्टी आडवी धरून वाकवली तर सहज वाकते आणि तीच उभी धरली तर वाकत नाही, हे आपण सगळ्यांनी लहानपणी फूटपट्टीवर केलेलं आहे. चौकोनी सेक्शनचा ताठपणा रुंदीच्या सरळ प्रमाणात आणि उंचीच्या घनात वाढतो. म्हणजे शेजारी अजून एक तसाच गर्डर ठेवलात तर ताठपणा दुप्पट, पण उंची दुप्पट केलीत तर आठपट. आय-सेक्शनमध्ये बरंचसं लोखंड वरच्या-खालच्या पट्टीत असतं, त्यामुळे ती पट्टी मधल्या रेषेपासून जितकी लांब तितकी ती जास्त कामाची. बाजारातल्या सेक्शनचेच आकडे बघा: आयएसएमबी १२५ मीटरला १३ किलोच्या आसपास भरतो, १५० चा १५ किलोच्या आसपास. वजनात फरक १५ टक्क्यांचा, ताठपणात ६२ टक्क्यांचा! आणि २०० चा २५ किलो भरतो, म्हणजे लोखंड दुप्पट पण ताठपणा पाचपट. म्हणून गर्डर घेताना "किलोचा काय रेट" यापेक्षा "एक साइज वरचा घेतला तर किती फरक पडेल" हे विचारायला हवं, बहुतेक वेळा फरक काही हजारांचा असतो. पोटमाळ्यात लोक एक एक इंच उंची वाचवायला बघतात आणि नेमकं तिथेच मार खातात.

आता जे उपयोगाचं नाही तेही सांगतो कारण त्यात पैसे जातात. लोखंड जास्त ग्रेडचं घेऊन हलणं कमी होत नाही. साधं माइल्ड स्टील घ्या की हाय ग्रेड घ्या, तुटायची ताकद बदलते, पण ठराविक लोडखाली किती ताणलं जाईल हे सगळ्या स्टीलचं सारखंच असतं. उलट हाय ग्रेड म्हणून सेक्शन बारीक केला तर मजला जास्त हलतो. आरसीसीतही तेच, फे ४१५ ऐवजी फे ५०० सळई घातली म्हणून स्लॅब ताठ होत नाही, आणि एम २० ऐवजी एम २५ काँक्रीट केलं तर ताठपणात जेमतेम १२ टक्के भर पडते, तर ५ इंची स्लॅब ६ इंची केला की ७३ टक्के. डेप्थला पर्याय नाही.

आता तुमच्या काँक्रीटच्या प्रश्नाकडे येतो.

मजला दाबून सोडला की तो झोपाळ्यासारखा स्वतःच्या लयीत वर-खाली होतो. ती लय सेकंदाला किती वेळा हे काढायचा सोपा ठोकताळा आहे: मजल्यावर नेहमी असणाऱ्या वजनाने किती एमएम बाक आला आहे ते काढा, त्याचं वर्गमूळ घ्या आणि १८ ला त्याने भागा. तुमच्याकडे शीट, गर्डर आणि थोडं सामान मिळून नेहमीचं वजन चौरस मीटरला ७० किलो धरलं तर त्याचा बाक ४ एमएम, वर्गमूळ २, म्हणजे मजला सेकंदाला ९ वेळा थरथरतो. माणूस घरात चालतो तो सेकंदाला साधारण २ पावलं टाकतो. आता झोपाळ्याला दर झोक्याला धक्का दिला तर तो वाढतो हे माहीतच आहे, पण दर तिसऱ्या झोक्याला दिला तरी वाढतो, जरा सावकाश. म्हणून मजल्याची लय पावलांच्या दुप्पट किंवा तिप्पट असेल, ४ किंवा ६ च्या आसपास, तर प्रत्येक पाऊल आधीच्या थरथरीत भर घालत जातं. ८ च्या वर गेलं की पावलाचा मेळ बसत नाही, मध्ये इतके झोके होतात की आधीची थरथर विरून जाते. तुम्ही आज ९ वर आहात, म्हणजे तुमची तक्रार त्या साठत जाणाऱ्या हेलकाव्याची नाही, प्रत्येक पावलाला मजला दबतो आणि ठण्णकन परत येतो ही आहे.

२ इंच काँक्रीट टाकलं की चौरस मीटरला १२० किलो वाढले, पूर्ण खोलीत २ टन. गर्डर तेच, त्यामुळे आधी तर मजला कायमचा ७ एमएम अजून खाली बसणार. आणि वर सांगितलेला हिशोब परत केला तर लय ९ वरून साडेपाचच्या खाली येते, म्हणजे सरळ पावलांच्या तिपटीच्या टप्प्यात! काँक्रीट शीटवर नुसतं पडलेलं असतं, गर्डरशी जोडलेलं नसतं, त्यामुळे वजन पूर्ण येतं आणि ताठपणा मात्र नाममात्र वाढतो. मी हे एका क्लासच्या पोटमाळ्यावर बघितलं आहे, २० फुटी स्पॅन, आधी पत्रा वाजल्यासारखा आवाज यायचा म्हणून मालकाने आम्हाला न विचारता काँक्रीट ओतून फरशी बसवली. आवाज गेला. पाय टाकला की टणक वाटायचं, पण पोरं रांगेने उतरायला लागली की फळ्यापाशी उभ्या असलेल्या सरांना पाण्यातल्या नावेत उभं राहिल्यासारखं व्हायचं. शेवटी खालून दोन खांब द्यावे लागले, तळमजल्याच्या ऑफिसच्या बरोबर मध्ये, आणि तेच आधी केलं असतं तर काँक्रीटचा खर्च वाचला असता. गर्डरला स्टड वेल्ड करून डेक शीटवर काँक्रीट केलं तर ते गर्डरबरोबर एकजीव काम करतं, ती चांगली पद्धत आहे, पण ती सुरुवातीपासून डिझाइन करायची गोष्ट आहे, झालेल्या सिमेंट शीटवर नाही.

मग आरसीसीचा स्लॅब का हलत नाही, असं तुम्ही विचाराल. तो एकाच वेळी तीन गोष्टींनी जिंकतो. वजन: ५ इंची स्लॅब फरशीसकट चौरस मीटरला ४०० किलो, तुमचा मजला ५०. तुमच्या खोलीएवढा स्लॅब ७ टनांचा होतो आणि तुमचा पोटमाळा जेमतेम ८५० किलोचा, म्हणजे तुमच्याकडे चालणारा माणूस मजल्याच्या दहाव्या हिश्श्याचा आहे आणि स्लॅबवर नव्वदाव्या. ताठपणा: चारही बाजूंनी टेकलेला, बीममध्ये एकजीव ओतलेला, दोन्ही दिशांनी काम करणारा. आणि थरथर गिळायची ताकद: भिंती, फरशीखालचा मसाला, सगळं मिळून लगेच विरते. जुन्या वाड्यांमध्ये कड्या-तक्तपोशीवर मातीचा जाड थर असायचा, तोही हेच काम करायचा. कड्या जवळजवळ, फूट-दीड फुटावर, स्पॅन लहान आणि वर मातीचं वजन. म्हणून तो मजला काँक्रीटचा नसूनही पायाला घट्ट लागतो.

पण आरसीसीही हलतो बरं का, आणि तिथे कारण बहुतेक वेळा दोनच असतात. एक, कॅन्टिलिव्हर, म्हणजे पुढे काढलेली बाल्कनी. एकाच टोकाला धरलेला स्लॅब तेवढ्याच लांबीच्या दोन्ही बाजूंनी टेकलेल्या स्लॅबपेक्षा साडेनऊ पटीहून जास्त वाकतो. म्हणूनच कोडमध्ये स्पॅन आणि डेप्थचं गुणोत्तर साध्या टेकलेल्या स्लॅबला २०, सलग जाणाऱ्याला २६, आणि कॅन्टिलिव्हरला फक्त ७ दिलं आहे. ५ फुटी बाल्कनी ४ इंचात काढली की ती पाळण्यासारखी वागणारच. दुसरं, सेंटरिंग लवकर काढणं. काँक्रीटला खालून बारीक तडे गेले की स्लॅबचा ताठपणा तिसरा-चौथा हिस्सा उरू शकतो, तुटत नाही कारण सळई धरून ठेवते, पण ढिला होतो तो कायमचा. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवस आणि त्यावरच्याचे १४ दिवस ठेवायचे, बीम ६ मीटरपर्यंत १४ आणि त्यावर २१, हे आकडे आपल्या कोडमध्ये आहेत आणि साइटवर सर्वात जास्त तेच मोडले जातात.

तर तुमच्यासाठी उपाय असा की स्पॅन मध्ये तोडा. १६ फुटाच्या बरोबर मध्यावर, १२ फुटाच्या दिशेने, सगळ्या गर्डरच्या खालून एक आयएसएमबी २०० आडवा घ्या, दोन्ही लांब भिंतींवर टेकवून. मग प्रत्येक गर्डर ८ फुटाचा झाला, बाक आठव्या हिश्श्यावर आला. खालचा ८ इंची स्वतः १०० किलोखाली पाव एमएमसुद्धा वाकत नाही. (आडव्या बीमचा बाक वरच्या गर्डरच्या बाकात मिळवावा लागतो, म्हणून तो दणकट हवा, तिथे परत ५ इंची टाकून पैसे वाचवू नका.) सगळं मिळून अडीच एमएमच्या जागी जास्तीत जास्त अर्ध्या एमएमच्या आत येईल. खाली त्या एका रेषेत ८ इंच हेडरूम कमी होईल, साडेसात फुटाचं पावणेसात-सात राहील, तिथे कपाटाची रांग किंवा पार्टिशन घेतलंत तर डोकंही लागणार नाही.

भिंतीचं टेकण नीट करा. पूर्ण लोडला त्या बीमच्या प्रत्येक टोकाला सव्वा टनाच्या आसपास येतं, ते थेट विटेवर नको, ९ इंची भिंतीत काँक्रीटचा बेड ब्लॉक करून त्यावर प्लेट, त्यावर बीम. साडेचार इंची भिंत असेल तर तिच्यावर अजिबात नको, खालून खांब घ्या. आणि खाली जागा नाही म्हणून वरचे गर्डर कापून मधला बीम त्याच लेव्हलला बसवू असं कोणी म्हणालं तर टेकू न देता एकही गर्डर कापू देऊ नका.

आणि या कामात सगळे जिथे चुकतात ती गोष्ट म्हणजे पॅकिंग. बीम चढवला, टोकं बसवली, आणि वरच्या गर्डर आणि बीममध्ये ३ एमएमची फट राहिली तर तुमचा गर्डर त्या बीमपर्यंत पोचतच नाही, कारण माणसाखाली तो वाकतोच २ एमएम! पैसे खर्च होतात आणि मजला आधीसारखाच उसळतो. म्हणून आधी वरचं जड सामान काढा, खालून जॅक लावून प्रत्येक गर्डर मध्यावर २-३ एमएम वर उचला, फटीत लोखंडी पत्ती ठोकून घट्ट बसवा, पत्ती वेल्ड करा आणि मगच जॅक सोडा. नुसती लाकडी पाचर नको, ती सुकली की ढिली होते. प्रत्येक गर्डरवर हातोडीने टकटक करून बघा, जो भरीव वाजेल तो बसला, जो खणखणेल तिथे अजून फट आहे.

धोक्याचं म्हणाल तर नव्या मजल्याची पहिल्या दिवसापासूनची उसळी ही सहसा फक्त ताठपणाची गोष्ट असते. पण आधी घट्ट असलेला मजला अचानक हलायला लागला, टोकाशी भिंतीचा गिलावा फुटला, वेल्डजवळ करकर आवाज आला, किंवा स्लॅबच्या खाली सळईच्या रेषेत तांबूस डाग आणि तडे दिसले तर मात्र वरचा वावर त्याच दिवशी बंद करून स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा, तिथे पातीची टेस्ट करत बसू नका.

काम झाल्यावर तीच बल्ली त्याच मधल्या गर्डरखाली, पण आता नवीन बीम आणि भिंत यांच्या मध्यावर, उभी करून पाती परत मोजा. त्याच माणसाला उभं केलं तर एका पात्याचाही फरक पडायला नको. दोन पाती कमी झाली तर कुठल्या तरी गर्डरखालची पत्ती सुटली आहे, फॅब्रिकेटरचा हिशोब चुकता करायच्या आधी ती शोधून बसवून घ्या.